खिशातल्या घड्याळाची जन्मतारीख

पणजोबांचं खिशातलं घड्याळ घरात असलं की बहुतेक जण त्याचा सोक्षमोक्ष डायलवरच लावून टाकतात. डायलवर मुंबईच्या दुकानाचं नाव असेल तर घड्याळ त्या दुकानानं बनवलं, 'वॉल्थम' असेल तर ते अमेरिकेतून आलं, आणि झाकणाच्या आत सिंहाचा छाप दिसला तर ते अस्सल विलायती. यातली प्रत्येक समजूत फार तर अर्धी खरी असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं घड्याळ सहसा एका छपराखाली तयार होत नसे. आतलं मशीन एका कारखान्यात बने, चांदीची केस दुसऱ्या गावात, कधी कधी दुसऱ्याच देशात. आणि डायलवर नाव तिसऱ्याचं, म्हणजे विकणाऱ्याचं असे. त्यामुळे 'हे कोणी बनवलं आणि कधी?' हा प्रश्न घड्याळाला एकदाच विचारून भागत नाही. तो मशीनला वेगळा विचारायचा, केसला वेगळा विचारायचा, आणि मग दोन्ही उत्तरांचा मेळ बसतो का ते पाहायचं.

हे कसं करायचं ते एका घड्याळाच्या आधारानं सांगतो. साताऱ्याच्या एका स्नेह्यांच्या घरी ते चार पिढ्या आहे. चांदीचं, काचेवर झाकण नसलेलं, पांढऱ्या इनॅमलचं डायल, रोमन आकडे, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा आणि डायलवर एवढंच नाव: 'वॉल्थम'. घरातली कथा अशी, की पणजोबांनी ते दिल्ली दरबाराच्या वर्षी घेतलं. पंचम जॉर्जचा दरबार डिसेंबर १९११ मध्ये भरला होता, म्हणजे घड्याळ १९११ सालचं. अशा कथा उडवून लावायच्या नसतात. घराण्याच्या आठवणीत बरंच खरं टिकून राहतं. पण घड्याळाची स्वतःची साक्ष उपलब्ध असताना ती काढून न घेणंही बरोबर नाही.

आधी उघडायचं कसं

सगळी माहिती झाकणाच्या आत असते, आणि सगळं नुकसानही झाकण उघडतानाच होतं. चांदीच्या केसचं मागचं झाकण बहुधा बिजागरीवर असतं. बिजागरीच्या समोरच्या बाजूला कडेवर नखाएवढी उंचवट्याची जागा सापडते; तिथे अंगठ्याचं नख घालून हलकेच उचललं की झाकण 'टक्' करून सुटतं. बिजागरीही नाही आणि उंचवटाही नाही, असं झालं तर झाकण आट्यांचं असण्याची शक्यता असते. ते तळहातावर दाबून धरून डावीकडे फिरवायचं. दोन्ही प्रकारांत जोर लावावा लागला तर थांबायचं आणि घड्याळ दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यायचं. चाकूच्या टोकानं उचकटल्याच्या खुणा जुन्या घड्याळांच्या कडांवर हमखास दिसतात, आणि नेमक्या त्याच कडांजवळ छाप असतात.

मागचं झाकण उघडल्यावर मशीन लगेच दिसेलच असं नाही. कित्येक घड्याळांत आत आणखी एक झाकण असतं, धुळीपासून मशीनचा बचाव करणारं. तेही उघडलं की मशीन समोर येतं. मशीनला बोट लावायचं नाही. घामानं पोलाद गंजतं आणि बॅलन्स व्हीलचा कणा केसाइतका बारीक असतो. डायलच्या बाजूनं तर घरी काहीच उघडायचं नाही.

पाहायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. छापांवर प्रकाश सरळ वरून न पाडता बाजूनं, तिरका पाडायचा. झिजलेला छाप सावलीमुळे उठून दिसतो. मोबाइलनं दोन-तीन वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले तर नंतर मोठे करून वाचता येतात. आणि एक पथ्य कडक पाळायचं: वाचण्याआधी चांदी घासायची नाही. पॉलिश म्हणजे चांदीचा पातळ थर काढून टाकणंच असतं. दर दिवाळीला मायेनं चकचकीत केलेल्या घड्याळाचे छाप सगळ्यात आधी पुसले जातात.

केस काय सांगते

साताऱ्याच्या घड्याळाच्या मागच्या झाकणात आतल्या बाजूला चार छाप आहेत. एकात डावीकडे तोंड करून चालणारा, पुढचा एक पंजा उचललेला सिंह. दुसऱ्यात जहाजाचा नांगर. तिसऱ्यात एक इंग्रजी अक्षर. चौथ्यात तीन आद्याक्षरं: ए. एल. डी. त्याखाली केसचा क्रमांक.

सिंह चांदीचा कस सांगतो: हजार भागांत किमान ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर ही बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण आहे. ही कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, तर चेस्टरची तीन गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. इंग्लंडात चांदीची वस्तू विकायला काढण्याआधी ती अशा कचेरीत पाठवून कस तपासून घ्यावा लागे, आणि तपासणी झाली की कचेरी हे छाप मारे. म्हणजे सिंह आणि नांगर यांनी मिळून एकच गोष्ट सिद्ध होते: या केसची चांदी बर्मिंगहॅमला तपासली गेली. आत कोणतं मशीन बसणार आहे याच्याशी त्या कचेरीला कर्तव्य नव्हतं. सिंह पाहून 'घड्याळ इंग्लिश आहे' असं म्हणणारे इथेच फसतात.

काळ सांगतं ते तिसरं अक्षर. कचेरी दरवर्षी अक्षर बदलत असे. बर्मिंगहॅमला हा बदल जुलैत होई, त्यामुळे एक अक्षर एका जुलैपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत चाले. जे अक्षर वगळून पंचवीस अक्षरं, म्हणजे पंचवीस वर्षांचं एक चक्र. चक्र संपलं की पुन्हा 'ए'पासून सुरुवात, पण अक्षराची घडण बदलून. १८७५ ते १८९९च्या चक्रात बर्मिंगहॅमची अक्षरं जुन्या हस्तलिखितांसारखी टोकदार, गॉथिक वळणाची होती. १९०० पासूनच्या चक्रात साधी छापील छोट्या लिपीतली आली, आणि १९२५ पासून मोठ्या लिपीतली. म्हणून नुसतं अक्षर ओळखून चालत नाही. त्याचं वळणही पाहावं लागतं.

प्रत्येक कचेरीचं चक्र वेगळं होतं, हे तर त्याहून महत्त्वाचं. छोट्या लिपीतलं 'एफ' बर्मिंगहॅमचं असेल तर १९०५ साल, लंडनचं असेल तर १९०१, आणि लंडनच्याच त्यापुढच्या चक्रातलं असेल तर १९२१. म्हणून आधी गावाची खूण पक्की करायची आणि मगच अक्षरांचा तक्ता उघडायचा. उलट क्रमानं गेलं की वीस वर्षांची चूक सहज होते.

आमच्या घड्याळावरचं अक्षर पहिल्या नजरेला छोट्या लिपीतलं 'एन' वाटलं. तसं असेल तर जुलै १९१२ ते जून १९१३. पण केस उलटी धरली की तेच अक्षर 'यू' दिसतं, आणि 'यू' म्हणजे १९१९-२०. सात वर्षांचा फरक. केस गोल असल्यामुळे वर कुठलं आणि खाली कुठलं हे ती सांगत नाही. सिंह पायांवर उभा राहील अशी केस धरली की एक अंदाज येतो, पण प्रत्येक छाप वेगळा ठोकलेला असतो, त्यामुळे सिंह सरळ म्हणजे अक्षरही सरळ असं गृहीत धरता येत नाही. अशा वेळी अक्षराच्या अंगावरच खूण शोधायची. छापील 'एन'च्या दोन्ही उभ्या रेघांना तळाशी आडव्या पट्ट्या असतात, जणू दोन पायांना दोन जोडे. 'यू'ला तळाशी फक्त उजवीकडे टोक असतं आणि डावीकडे गोलाई. तिरक्या प्रकाशात भिंगाखाली दोन्ही पट्ट्या स्पष्ट दिसल्या. अक्षर 'एन'च होतं. आतल्या झाकणावरही सिंह आणि तेच अक्षर होतं, म्हणजे दोन्ही झाकणं मूळची, एकाच वेळची. ही दोन अक्षरं जुळली नसती तर एक झाकण नंतर कधीतरी बदललेलं आहे असं धरावं लागलं असतं.

राहिली आद्याक्षरं. ती ज्यानं ही केस तपासणीला पाठवली त्याची. ए. एल. डी. म्हणजे एरन लफ्किन डेनिसन. या माणसाची हकिगत या घड्याळाशी दोन्हीकडून जोडलेली आहे. १८५०च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्रांच्या मदतीनं घड्याळाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना ज्यांनी उभा केला, त्यांत डेनिसन प्रमुख होता. १८५४ मध्ये तो कारखाना वॉल्थम गावी गेला आणि पुढे त्या गावाच्याच नावानं प्रसिद्ध झाला. डेनिसन मात्र पुढे कंपनीतून बाहेर पडला, इंग्लंडात गेला आणि १८७०च्या दशकात त्यानं बर्मिंगहॅमला घड्याळाच्या केस बनवण्याचा धंदा सुरू केला. वॉल्थमची मशीनं इंग्लंडात येत आणि त्यांतली पुष्कळशी डेनिसनच्या केसमध्ये बसत.

इथे आणखी एक सापळा आहे. डेनिसन १८९५ मध्ये वारला. मग १९१२च्या केसवर त्याची आद्याक्षरं कशी? कारण धंदा पुढे चालू राहिला आणि कचेरीत नोंदवलेला छापही. माणसाच्या जन्म-मृत्यूची सालं शोधून त्यावरून वस्तूचं वय ठरवायला गेलं तर इथे निदान सतरा वर्षांची चूक झाली असती. आद्याक्षरांवरून कारखाना ओळखायचा. साल मात्र वर्षाच्या अक्षरावरूनच घ्यायचं.

मशीन काय सांगतं

आतलं झाकण उघडलं की पितळेवर निकेलचा मुलामा दिलेलं, रुपेरी रंगाचं मशीन दिसतं. त्यावर कोरलेलं आहे: वॉल्थम, मॅस. आणि 'ट्रॅव्हलर'. शिवाय एक आठ आकडी क्रमांक. 'ट्रॅव्हलर' ही मशीनची प्रत आहे. सात ज्वेलची, म्हणजे सात खड्यांवर फिरणारी, साधी आणि टिकाऊ प्रत. वॉल्थमनं ती ब्रिटिश बाजारात भरपूर विकली. मशीनचा आकार अमेरिकन मापानं १६ साइज, म्हणजे व्यास सुमारे ४३ मिलिमीटर.

क्रमांकाबाबत एक गोष्ट आधीच ठरवून टाकायची. घड्याळात दोन क्रमांक असतात, एक केसवर आणि एक मशीनवर. इंग्लिश कारागिरांच्या जुन्या घड्याळांत पुष्कळदा केसवर मशीनचाच क्रमांक उमटवलेला असतो; तो जुळला तर केस आणि मशीन एकमेकांचेच आहेत हे सिद्ध होतं. अमेरिकन मशीनचं तसं नाही. तिथे केस बनवणाऱ्याची मोजणी वेगळी, मशीन बनवणाऱ्याची वेगळी. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून संशय घ्यायचं कारण नाही. पण केसचा क्रमांक मशीनच्या यादीत शोधणं ही मात्र फार सर्रास होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे १९१२चं घड्याळ १८६०चं ठरवल्याची उदाहरणं आहेत. वॉल्थमच्या यादीत शोधायचा तो मशीनवरच कोरलेला आकडा.

त्या यादीनुसार वॉल्थमचा दहा लाखांचा आकडा १८७७च्या सुमारास ओलांडला गेला, एक कोटीचा १९०१च्या आसपास आणि दोन कोटींचा १९१५च्या आसपास. साताऱ्याच्या मशीनचा क्रमांक एक कोटी एक्क्याऐंशी लाखांच्या घरातला आहे. यादीत त्यापुढे १९११ साल येतं.

घरच्यांना एवढं पुरेसं होतं. दरबाराचं साल आणि यादीतलं साल एकच; कथा खरी ठरली. क्रमांक पाहून थांबलं असतं तर हाच निष्कर्ष कायमचा घट्ट झाला असता.

पण यादीतल्या सालाचा अर्थ काय, हे समजून घेतलं पाहिजे. वॉल्थममध्ये मशीनं हजारांच्या तुकड्यांनी बनत. एखाद्या तुकडीला क्रमांक आधी दिले जात. ती पूर्ण व्हायला आणि विक्रीला बाहेर पडायला वेळ लागे, आणि नंतरची तुकडी कधी आधी पुरी होई. त्यामुळे यादीतलं साल हे 'सुमारे' या शब्दासकट वाचायचं. एक-दोन वर्षं इकडेतिकडे सहज होऊ शकतात. शिवाय ते साल मशीनचं आहे. मशीन मॅसॅच्युसेट्सहून जहाजानं इंग्लंडला जाणार, तिथे केसमध्ये बसणार, व्यापाऱ्याच्या कपाटात राहणार आणि मग हिंदुस्थानच्या वाटेला लागणार. क्रमांक सांगतो ते पहिल्या मुक्कामाचं साल.

याच्या जोडीला दुसरा घोटाळा 'मॉडेल'चा. वॉल्थमच्या याद्यांत क्रमांकासमोर 'मॉडेल १८९९' किंवा 'मॉडेल १९०८' असं लिहिलेलं सापडतं. ते घड्याळाचं साल नव्हे. त्या घडणीचं मशीन प्रथम कधी आखलं गेलं त्याचं ते नाव आहे. मॉडेल १८९९ची मशीनं पुढे कित्येक वर्षं बनत होती. त्या आकड्यावरून घड्याळाचं वय सांगणाऱ्या जाहिराती विक्रीच्या बाजारात नेहमी दिसतात.

दोन साक्षींचा मेळ

आता हातात दोन साक्षी आहेत, आणि त्या एकमेकांवर अवलंबून नाहीत. मशीन म्हणतं, मी १९११च्या सुमारास तयार झालो. केस म्हणते, जुलै १९१२च्या आत माझ्यावर छाप पडलेला नाही आणि जून १९१३च्या पुढे नाही. यांत केसची साक्ष जास्त धारदार आहे, कारण ती एका बारा महिन्यांत बसते. आणि नियम सोपा आहे: घड्याळ त्याच्या सगळ्यात नव्या मूळ भागाहून जुनं असू शकत नाही. म्हणून हे घड्याळ एकत्र जुळलं ते जुलै १९१२ नंतर. डिसेंबर १९११च्या दरबाराला ते कोणाच्याही खिशात असणं शक्य नाही.

मात्र या निष्कर्षाला एक आडवाट आहे, आणि ती बंद केल्याशिवाय तो पक्का म्हणता येत नाही. समजा, मशीन १९११ मध्ये दुसऱ्या केसमध्ये बसून विकलं गेलं, आणि ती केस खराब झाल्यावर या चांदीच्या केसमध्ये हलवलं गेलं, तर? अमेरिकन मशीनं ठरावीक मापांत बनत, त्यामुळे १६ साइजचं मशीन काढून १६ साइजच्या दुसऱ्या केसमध्ये बसवणं कुठल्याही कारागिराला जमणारं काम होतं. अशा जुळवलेल्या जोड्या बाजारात पुष्कळ आहेत.

याचा पुरावा केसच्या आतल्या कडेवर सापडतो. मशीन केसमध्ये बहुधा दोन छोट्या स्क्रूंनी धरलेलं असतं. स्क्रूचं डोकं कडेवर घट्ट दाबलं जातं आणि वर्षानुवर्षं तिथे चंद्रकोरीसारखी खूण उमटते. दुसऱ्या मशीनच्या स्क्रूंच्या जागा सहसा थोड्या वेगळ्या पडतात, म्हणून मशीन बदललेलं असेल तर कडेवर रिकाम्या चंद्रकोरी दिसतात. या केसच्या कडेवर दोनच खुणा आहेत आणि दोन्हींवर आजचे स्क्रू बरोबर बसलेले आहेत. चावीचं बटणही केसच्या मानेतून सरळ, न घासता आत जातं. म्हणजे या केसमध्ये दुसरं मशीन कधी राहिलेलं नाही. उलट, हे मशीन आधी दुसऱ्या केसमध्ये होतं का, हे कडेवरून कळत नाही. तिथे सालांचा आधार घ्यायचा: १९११च्या सुमाराचं मशीन आणि १९१२-१३ची केस, मधलं अंतर समुद्रप्रवास आणि व्यापार यांत सहज जाण्याएवढंच. दोघांत वीस वर्षांचं अंतर असतं तर संशय राहिला असता. इथे तो ठेवायला जागा नाही.

झाकणाच्या आत आणखी एक गोष्ट असते ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं आणि आकडे. दुरुस्ती करणारा घड्याळ साफ केल्यावर आपली खूण आणि कधी तारीखही अशी कोरून ठेवत असे, म्हणजे तेच घड्याळ परत आलं तर ओळखता यावं. या केसमध्ये अशा तीन ओळी आहेत. त्यांतल्या एकीत '३-२१' वाचता येतं. मार्च १९२१ असा त्याचा अर्थ असू शकतो, पण तो कारागिराचा हिशेबाचा आकडाही असू शकतो. अशा खुणा टिपून ठेवायच्या. त्यांच्यावर निष्कर्ष उभा करायचा नाही.

स्विस घड्याळ असेल तर

आपल्याकडच्या घरांत वॉल्थमपेक्षा स्विस घड्याळं जास्त सापडतात, आणि त्यांची भाषा थोडी वेगळी आहे. फाव्र-लूबा ही स्विस पेढी १८६५ पासून मुंबईशी व्यापार करत होती, आणि 'वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई आणि कलकत्ता' हे नाव तर कित्येक घरांतल्या डायलांवर आहे. वेस्ट एंडची घड्याळं स्वित्झर्लंडमधून बनून येत, आणि त्यांच्या बऱ्याच घड्याळांत सेंट-इमिए गावच्या लाँजिनचं मशीन असे. त्यामुळे डायलवरचं नाव तिथे विक्रेत्याचं म्हणूनच वाचायचं आणि बनवणाऱ्याचा शोध आत घ्यायचा.

थेट मुंबईत उतरलेल्या स्विस घड्याळांवर बहुधा ब्रिटिश छाप नसतात. स्विस छापांत वर्षाचं अक्षर नाही. तिथे प्राणी आणि पक्षी आहेत आणि ते फक्त कस सांगतात. रानकोंबडा म्हणजे हजारांत ८०० भाग चांदी, उभं अस्वल म्हणजे ८७५. तरीही त्यांतून काळाचा अंदाज निघतो. तीन अस्वलं आणि शेजारी ०.९३५ असा आकडा दिसला तर समजायचं, की ही केस ब्रिटिश बाजार डोळ्यांपुढे ठेवून बनवली आहे. ब्रिटननं १८८७ मध्ये व्यापारी खुणांचा कडक कायदा केला, आणि तिथल्या ९२५च्या कसाला किंचितही कमी पडायला नको म्हणून स्विस कारखानदार ९३५ची चांदी वापरू लागले. म्हणजे तीन अस्वलांची केस १८८८च्या आधीची नाही. आणि चांदीच्या केसवर बदकाचा छाप असेल तर ती १९३४च्या आधीची नाही.

काही स्विस घड्याळं लंडनमार्गे आलेली असतात. जून १९०७ पासून ब्रिटननं परदेशी सोन्या-चांदीच्या केसवर आपले आयातीचे वेगळे छाप सक्तीचे केले. त्यांत सिंह नसतो, कसाचा.९२५ हा आकडा असतो आणि गावाची खूणही निराळी असते. वर्षाचं अक्षर मात्र असतं, त्यामुळे साल काढणं सोपं होतं. फक्त तिथली आद्याक्षरं पाहून गडबडायचं नाही. 'जी. एस.' ही अक्षरं असंख्य केसवर आढळतात. ती जॉर्ज स्टॉकवेलची आहेत, आणि स्टॉकवेलची पेढी घड्याळ बनवणारी नव्हती; माल उतरवून घेणं आणि तपासणी कचेरीतून सोडवून आणणं हा तिचा उद्योग.

आतल्या झाकणावर पदकांची चित्रं आणि 'पॅरिस १९००' असं काही कोरलेलं असेल तर ते प्रदर्शनातल्या बक्षिसाचं साल आहे. कंपन्या ती पदकं पुढे वीस-वीस वर्षं मिरवत. त्यांतलं सगळ्यात अलीकडचं साल घ्यायचं आणि म्हणायचं, घड्याळ याच्या आधीचं नाही. मशीनवर छोटा क्रॉस आणि त्याशेजारी आकडा असेल तर तो स्विस पेटंटचा क्रमांक; स्विस पेटंट १८८८ पासून सुरू झाली, म्हणजे तीही एक खालची मर्यादा.

आणि लाँजिनचं पंख असलेलं वाळूचं घड्याळ मशीनवर दिसलं, तर साल काढायचं काम निम्मं झालंच. लाँजिनच्या क्रमांकांचा दहा लाखांचा टप्पा १८९९ मध्ये आला, वीस लाखांचा १९०७च्या सुमारास आणि तीस लाखांचा १९१३च्या सुमारास. शिवाय कंपनीनं जुनी नोंदणीबुकं सेंट-इमिएला जपून ठेवली आहेत. मशीनचा क्रमांक आणि फोटो पाठवून विचारणा केली, तर ते घड्याळ कोणत्या तारखेला आणि कोणत्या व्यापाऱ्याला पाठवलं गेलं हे त्या बुकांतून काढून दिलं जातं. मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी गेलेल्या घड्याळाबाबत यापेक्षा जवळचा पुरावा क्वचितच मिळतो.

घड्याळ काय सांगू शकत नाही

छाप आणि क्रमांक घड्याळाचा जन्म सांगतात, खरेदी नाही. जुलै १९१२ नंतर जुळलेलं घड्याळ १९१३ मध्ये विकलं गेलं की १९१८ मध्ये, हे चांदीवर लिहिलेलं नसतं. ते पणजोबांनी नवं घेतलं की कोणाकडून जुनं, हेही नाही. त्यासाठी दुकानाची पावती, घरचा जमाखर्च, एखादा जुना फोटो असले घरातलेच कागद पाहावे लागतात. दरबाराची कथाही त्यामुळे पूर्ण खोटी ठरत नाही. घड्याळ दरबाराच्या वर्षातलं नाही एवढंच सिद्ध झालं. पणजोबांनी ते दरबारानंतर एक-दोन वर्षांत घेतलं असेल आणि सांगताना मोठ्या घटनेचा आधार घेतला असेल, याला घड्याळाचा विरोध नाही.

साताऱ्याच्या त्या घरी आता घड्याळाच्या डबीत एक कागद आहे. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या आहेत. मशीन: वॉल्थम, ट्रॅव्हलर प्रत, क्रमांकावरून सुमारे १९११. केस: डेनिसन, बर्मिंगहॅम, जुलै १९१२ ते जून १९१३. खरेदी: त्यानंतर; घरची आठवण दिल्ली दरबाराच्या सुमाराची. प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून लिहिली तेही आहे आणि मागे छापांचे फोटो चिकटवलेले आहेत. पुढच्या पिढीत कोणाला जुनी पावती सापडली, तर तिसरी ओळ दुरुस्त करता येईल आणि पहिल्या दोन तशाच राहतील. तुमच्या घरच्या घड्याळाचा कागदही असाच करावा: जे चांदीवर आणि पितळेवर वाचलं ते एका बाजूला, जे ऐकलं ते दुसऱ्या बाजूला. पुढे वाचणाऱ्याला मग कशावर किती विसंबायचं हे स्वतः ठरवता येतं.